चहा, वडापाव, मिसळ: अनेक पदार्थांच्या दुकानाचा ब्रेक-इव्हन कसा काढावा

एकच वस्तू विकणाऱ्याचा हिशोब सोपा असतो. महिन्याचा ठरलेला खर्च भागिले एका नगामागे सुटणारे पैसे, की ना नफा ना तोटा अशी विक्री किती ते कळतं. पण गल्ल्यावर तीन-चार पदार्थ असले की "एका नगामागे" म्हणजे कोणत्या नगामागे? उत्तर विक्रीच्या प्रमाणात आहे. एका छोट्या नाश्ता सेंटरचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

आधी स्थिर खर्च. एकही कप चहा विकला नाही तरी जे पैसे जातात ते इथे येतात. भाडं १५,००० रुपये, एका कामगाराचा पगार १४,०००, लाइट, फोन आणि दुरुस्ती ५,०००, आणि मालकाचा स्वतःचा पगार २०,०००. एकूण ५४,०००. मालकाचा पगार वगळू नका. दिवसभर कढईपुढे उभं राहण्याचे पैसे हिशोबात नसतील, तर तोट्यातलं दुकानही चालतंय असं वाटत राहतं.

मग प्रत्येक पदार्थाचं अंशदान. विक्रीच्या किमतीतून फक्त त्या नगासाठी होणारा खर्च वजा करायचा: कच्चा माल, गॅस, पार्सलची पिशवी, आणि रात्री उरून फेकावा लागणारा मालसुद्धा. चहा १० रुपयांना, खर्च ४, म्हणजे सुटले ६. वडापाव २० ला, खर्च १२, सुटले ८. मिसळ ७० ला, खर्च ४२, सुटले २८. ऑनलाइन ॲपवरून जाणाऱ्या मिसळीवर कमिशन कापलं जात असेल, तर तिला वेगळा पदार्थ समजा, कारण तिचं अंशदान वेगळं आहे.

आता विक्रीचं प्रमाण. दोन साध्या महिन्यांची बिलं काढा; सणाचा किंवा गावच्या जत्रेचा महिना नको. बिलं नसतील तर खरेदीवरून अंदाज येतो: दूध किती लागलं, मिसळीचे पाव वगळून पाव किती गेले. समजा दर १० नगांत ५ चहा, ४ वडापाव आणि १ मिसळ असं प्रमाण निघालं.

या १० नगांमागे सुटतात ५×६ म्हणजे ३०, ४×८ म्हणजे ३२ आणि मिसळीचे २८. एकूण ९० रुपये, म्हणजे सरासरी नगामागे ९. हेच भारित अंशदान.

```
५४,००० ÷ ९ = ६,००० नग
```

हे प्रमाणात वाटले की महिन्याला ३,००० चहा, २,४०० वडापाव आणि ६०० मिसळ. दुकान महिन्यात २५ दिवस उघडं असेल तर रोज १२० चहा, ९६ वडापाव, २४ मिसळ. ३० ने भागू नका. सुट्टीच्या दिवशी गल्ला नसतो.

सगळ्यात जास्त चूक सरासरीत होते. ६, ८ आणि २८ यांची साधी सरासरी १४ येते आणि ब्रेक-इव्हन ३,८५८ नगांवर दिसतो. पण याच प्रमाणात तेवढे नग विकले तर सुटतात जेमतेम ३४,७०० रुपये, आणि १९,००० हून जास्त खिशातून घालावे लागतात. मिसळ दहात एकदाच जाते, साधी सरासरी मात्र तिला तिनात एक धरते.

किराणा दुकानासारख्या ठिकाणी नग मोजणं अशक्य असतं. तिथे रुपयांत हिशोब करा. आपल्या उदाहरणात १० नगांची विक्री २०० रुपये होते: चहा ५०, वडापाव ८०, मिसळ ७०. अंशदान ९०, म्हणजे ४५ टक्के. ५४,००० ला ०.४५ ने भागलं की महिन्याची विक्री १,२०,००० रुपये येते, रोजचा गल्ला ४,८००. मात्र एक पथ्य पाळा. अंशदान टक्क्यांत घेतलं तर विक्रीचा वाटाही रुपयांतलाच घ्यायचा. चहाचं अंशदान ६० टक्के आहे आणि नगांत तो निम्मा आहे, पण रुपयांत त्याचा वाटा फक्त पाव आहे. दोन्ही पद्धती मिसळल्या की उत्तर चुकतं.

हा आकडा प्रमाण टिकेल तोवरच खरा. मिसळ कमी होऊन चहा वाढला आणि दर २० नगांत १२ चहा, ७ वडापाव, १ मिसळ असं झालं, तर त्यांवर १५६ रुपये सुटतात, नगामागे ७.८०. गर्दी तीच, ६,००० नग तेवढेच, पण सुटतात ४६,८०० आणि तोटा होतो ७,२०० चा. ब्रेक-इव्हन आता ६,९२४ नगांवर गेला. म्हणून दर महिन्याला नगांचं प्रमाण पुन्हा मोजा, आणि तेल, बेसन किंवा दुधाचा भाव बदलला की त्या पदार्थाचं अंशदान त्याच आठवड्यात नव्याने काढा.