दोन व्हेंडर म्हणजे दोन सोर्स नव्हेत : पुरवठा साखळीचा नकाशा काढताना या चुका टाळा

आमच्या पर्चेसच्या शीटमध्ये एका ऑइल सीलसमोर दोन व्हेंडर होते, एक भोसरीचा, एक चाकणचा. म्हणून धोक्याचा रकाना हिरवा. एका सोमवारी अर्ध्या तासाच्या अंतराने दोघांचेही फोन आले, माल लांबणार. दोघंही रबर कंपाउंड एकाच मिक्सिंग युनिटकडून घेत होते आणि तिथला मिक्सर बसला होता.

नकाशा पहिल्या पायरीवर थांबवणं ही सगळ्यात महागडी चूक. 2011च्या जपानमधल्या भूकंपानंतर फोर्डला काही काळ्या आणि लाल छटांच्या गाड्यांच्या ऑर्डर थांबवाव्या लागल्या. रंग बनवणाऱ्या कंपन्या अनेक होत्या, पण रंगाला चमक देणारं झिरॅलिक हे पिगमेंट जगात फक्त मर्कच्या ओनाहामा इथल्या कारखान्यात बनत होतं.

दुसरी चूक विचारण्यातली. "तुमचा सोर्स कोण?" असं विचारलं की व्हेंडर ट्रेडरचं नाव सांगतो, किंवा गप्प बसतो. त्याला भीती असते की हे आपल्याला डावलून थेट तिकडे जातील. त्यामुळे दर विचारूच नका. माल बनतो त्या प्लांटचं गाव विचारा, आणि शेवटच्या तीन लॉटच्या मूळ उत्पादकाच्या टीसी, म्हणजे मालाच्या चाचणीचे दाखले, मागा. ट्रेडरच्या लेटरहेडवरची टीसी चालवून घेऊ नका. त्यात नेमकं हवं ते नाव गायब असतं.

तिसरी, खरेदीच्या रकमेनुसार यादी लावणं. आमचं सील त्या यादीत पार तळाला होतं, पण त्याच्यावाचून गिअरबॉक्सची जोडणी पूर्ण होत नाही.

आता पर्यायी योजना. "दुसरा सोर्स शोधू" ही योजना नव्हे, आठवडे मोजा. आमच्याकडे तीन आठवड्यांचा स्टॉक, व्हेंडरांकडे दोनचा, म्हणजे पाच. नव्या कंपाउंडचे नमुने, तेलात बुडवून आणि उष्णतेत ठेवून केलेल्या चाचण्या, एन्ड्युरन्स आणि ग्राहकाची मंजुरी यांना चौदा. नऊ आठवड्यांचं भगदाड.

ते बुजवायला आम्ही आधी कंपाउंडच साठवायला निघालो होतो. पण क्युरिंगची रसायनं घातलेलं कंपाउंड फार टिकत नाही, पडून पडून साच्यात नीट वाहीनासं होतं. तयार सील मात्र थंड, अंधाऱ्या जागी बरीच वर्षं राहतात. म्हणून स्टॉक सीलचा केला, आणि चाकणच्या व्हेंडरसाठी दुसऱ्या मिक्सरचं कंपाउंड मंजूर करून घेतलं. त्या मिक्सरला बेस पॉलिमर कुठून येतो तेही तपासलं, नाहीतर तोच खेळ एक पायरी खाली.

सहा महिन्यांनी चाकणला ऑडिटला गेलो. रॅकवरच्या कंपाउंडच्या शीटना पुन्हा पहिल्याच युनिटचे टॅग. "किलोमागे चार रुपये कमी पडतात हो साहेब," व्हेंडर म्हणाला.