तो तुम्हाला 'माउस' म्हणाला तर दचकू नका

स्टुटगार्टमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला वाटायचं, समोरच्या टेबलावरचा सहकारी दिवसातून तीनदा कुणा शात्स नावाच्या माणसाशी फोनवर बोलतो. "हो, शात्स. नाही, शात्स. येताना दूध आणतो, शात्स." शात्स हे इथे खरोखरच आडनावही असतं, त्यामुळे माझी चूक अगदीच खुळी नव्हती. पण हा कुठल्या साहेबाला दूध नेऊन देतो, असा प्रश्न पडला तेव्हा ट्यूब पेटली. पलीकडे त्याची बायको होती.

शात्स म्हणजे खजिना, ठेवा. आपण लेकराला जवळ घेऊन "माझं सोनं ते" म्हणतो, त्याच घराण्यातला हा शब्द. फरक इतकाच की आपलं सोनं बहुतेक लेकरांसाठी असतं आणि इथलं शात्स सगळ्यांत जास्त नवराबायको वापरतात. आईही मुलाला म्हणते. जुन्या जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ सरळ नाणं, पैसाअडका असा होता, माया नंतर चिकटली. पैशाचा वास अजून पुरता गेलेला नाही. मंडळाची नोंदणी करताना फॉर्मवर खजिनदाराला 'शात्समाइस्टर' असं नाव असतं, आणि दर वर्षी कुणीतरी नवीन सभासद ते वाचून खुदकन हसतोच.

एक व्याकरणाची गोष्ट लगेच शिकून घ्या. शात्स पुल्लिंगी आहे आणि बायकोला हाक मारली तरी पुल्लिंगीच राहतो. दोघांसाठी "माइन शात्स". बायको आहे म्हणून "माइने शात्स" म्हणालात तर अर्थ कळेल, पण मायेच्या हाकेत व्याकरण चुकलं की हसू येतं. आपण नाही का मुलगा असो की मुलगी, "माझं सोनं"च म्हणत? 'शात्सी' हे त्याचं लाडिक रूप. आमच्या श्वाबेन भागात प्रत्येक नावाला 'ले' लावून ते छोटं करतात, म्हणून इथे 'शेट्सले' ऐकू येईल. भाजीबाजारातल्या आजीबाई अनोळखी गिऱ्हाइकालाही "काय देऊ, शेट्सले?" असं विचारू शकतात. त्यात आपली भाजीवाली "ताई, घ्या ना" म्हणते त्यापेक्षा जास्त काही नसतं.

मात्र 'शेत्सशन' या रूपाला जपा. प्रियकराच्या तोंडी ते गोड असतं. वरिष्ठाच्या किंवा बारमधल्या अनोळखी माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ होतो "ए पोरी, तुला काय कळतंय". ऑफिसात कुणी तुम्हाला असं म्हणालं तर लाड समजून हसू नका. शांतपणे आपलं आडनाव सांगा, ते पुरतं.

आता उंदीर. 'माउस' म्हणजे उंदीर, आणि 'माइने माउस' म्हणजे माझी उंदरी. शब्दाचं लिंग स्त्रीलिंगी, आणि रोख बहुधा बायको, प्रेयसी, मुलगी किंवा कुठलंही लहान मूल यांच्याकडे. पुरुषांच्या वाट्याला जास्त करून अस्वल आणि ससा येतात, पण 'माउझी' हे रूप दोघांनाही चालतं. एका ओळखीतल्या मुलीला तिच्या जर्मन नवऱ्याने पहिल्यांदा माउस म्हटलं तेव्हा ती रात्रभर धुसफुसत होती. आपल्याकडे उंदीर म्हणजे धान्याच्या पोत्याला भोक, फार तर गणपतीच्या पायाशी लाडू घेऊन बसलेला. प्रेमात तो कुठून आला?

ग्यानबाची मेख अशी की जर्मनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत आणि आपल्याकडे बोलताना एकावरच भागतं. गटारात पळणारा, रोगराई आणणारा मोठा उंदीर म्हणजे 'राट्टे', आणि ती इथे सणसणीत शिवी आहे. माउस म्हणजे मुठीत मावेल असं मऊ, काळ्या मण्यांच्या डोळ्यांचं पिल्लू. किळस सगळी राट्टेच्या खात्यावर गेली, माउसकडे फक्त नाजूकपणा राहिला. शिवाय 1971 पासून दूरदर्शनवर मुलांच्या कार्यक्रमात एक नारिंगी उंदीर येतो, त्यावर इथल्या पिढ्या वाढल्या आहेत. तेव्हा माउस ऐकलं की मनात 'पिल्लू' असं भाषांतर करा, जमून जातं. बहुवचनी 'मॉइझे' म्हटलं तर मात्र मुलंबाळंही असतात आणि बोलीत पैसेही, म्हणजे फिरून पुन्हा खजिन्यापाशीच आलो! आणि कुणा बाईला 'करडी माउस' म्हटलं तर ती चारचौघांत उठून न दिसणारी, असा टोमणा आहे. तो लाडाचा शब्द समजून वापरू नका.

हे सगळे शब्द स्वस्त आहेत. स्वस्त म्हणजे खोटे नव्हेत, रोजच्या वापराचे. घरात ते पाण्यासारखे वाहतात, भांडणातही वाहतात. "शात्स, कचऱ्याचा डबा पुन्हा तूच विसरलास" हे वाक्य मी शेजारच्या बाल्कनीतून किती वेळा ऐकलं असेल. नवीन माणूस इथेच फसतो. त्याला वाटतं, दहाव्या दिवशी शात्स चालतं, तर अकराव्या दिवशी "इश लीबे डिश", म्हणजे "माझं तुझ्यावर प्रेम आहे", का चालू नये?

कारण ते वाक्य दुसऱ्या कपाटात ठेवलेलं असतं. त्याला जर्मनमध्ये 'लीबेस-एरक्लेरुंग' म्हणतात, प्रेमाचं निवेदन. आता हा एरक्लेरुंग शब्द आणखी कुठे भेटतो ते पाहा: 'श्टॉयर-एरक्लेरुंग' म्हणजे आयकराचं विवरणपत्र, 'क्रीग्स-एरक्लेरुंग' म्हणजे युद्धाची घोषणा. एकदा केलं की ते नोंदलं जातं, मागे घेता येत नाही आणि समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. बोलणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही "आता आपण एकमेकांचे" असंच त्यातून ऐकू येतं.

गुस्टाव हाइनेमान 1969 साली पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झाले. तुमचं या राज्यावर प्रेम आहे का, असं त्यांना विचारलं गेलं. ते म्हणाले, "छे, मी राज्यांवर प्रेम करत नाही, माझ्या बायकोवर करतो. संपलं." राष्ट्राध्यक्षाचं हे उत्तर इथे अजून कौतुकाने सांगतात. वस्तूंच्या बाबतीत क्रियापद सैल झालंय, "इश लीबे पिझ्झा" कुणीही म्हणतं. समोर माणूस आला की ते पुन्हा घट्ट होतं.

मग रोजच्या मायेला काय? त्यासाठी "इश हाप डिश लीप" आहे. अर्थ साधारण "तू मला फार जवळची आहेस". आई मुलाला, नात आजीला, मैत्रीण मैत्रिणीला, नवरा बायकोला, सगळेच हे म्हणतात. फोन ठेवताना भारतातली आपली मुलं "लव्ह यू" टाकतात त्या जागी हे बसतं. मेसेजमध्ये त्याचं hdl होतं, आणि फार भरून आलं की hdgdl. तरुण मुली हल्ली एकमेकींना नुसतं "लीप डिश" असंही म्हणतात. आधीचं 'इश' गळलं की वाक्याचं अर्धं ओझंही गळतं. मात्र प्रेमिकांत एक धोका आहे. एकाने "इश लीबे डिश" म्हटलं आणि दुसऱ्याने "इश हाप डिश लीप" असं उत्तर दिलं, तर ते उत्तर मायेचं असलं तरी नकाराच्या जवळचं आहे. दार उघडलं, पण आत बोलावलं नाही, असं.

सांगलीकडचा एक मुलगा इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट सांगते, त्याच्या परवानगीने. सप्टेंबरअखेर कानश्टाटची जत्रा भरते, 1818 पासूनची. तिथे लेबकूखेनची हृदयं टांगलेली असतात: मसाल्याच्या जाड बिस्किटाची, वर साखरेच्या पाकाने अक्षरं, फितीने गळ्यात घालायची. खात कुणी नाही, भिंतीवर लावतात. त्यांवरची अक्षरं वाचली तर अख्खी शिडीच दिसते: शेट्सले, माझी माउस, हाप डिश लीप, आणि वरच्या पायरीवर इश लीबे डिश. याने तिसऱ्याच भेटीत सगळ्यांत मोठं हृदय घेतलं, कारण त्याला तेवढंच वाक्य वाचता येत होतं. मुलगी हसली, आभार मानले आणि ते गळ्यात न घालता पिशवीत ठेवलं.

रात्री तिचा मेसेज आला: सुंदर संध्याकाळीबद्दल आभार, आणि शेवटी 'लीबे ग्र्यूसे'. हा आनंदाने मला फोन करतो, "काकू, तिने लीबे लिहिलंय!" मी म्हटलं, "अरे, मला विमा कंपनीकडूनही लीबे ग्र्यूसे येतात." ते फक्त 'स्नेहपूर्वक' आहे. पत्राच्या सुरुवातीचा 'लीबर' आणि 'लीबे' हा आपला 'प्रिय' आहे, त्यात प्रेम शोधू नये. खरी खूण पिशवी होती. गळ्यात घातलं असतं तर गंमत म्हणून घेतलं असं झालं असतं. पिशवीत ठेवलं म्हणजे तिने ती अक्षरं गंभीरपणे वाचली होती आणि तिला त्यांचं काय करावं ते कळत नव्हतं.

मी त्याला सांगितलं, उगाच सारवासारव करू नकोस, सरळ लिही की मला या वाक्याचं वजन माहीत नव्हतं, हृदय मोठं दिसलं म्हणून घेतलं. त्याने तसंच लिहिलं. तिला हसू आलं आणि भेटी सुरू राहिल्या. हिवाळ्यात तो तिच्यासाठी शात्स झाला. फेब्रुवारीत hdl आलं. तिचे आईवडील श्वाबेनचे, त्या घरात "ओरडलो नाही म्हणजे कौतुकच केलं" अशा अर्थाची म्हण आहे, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर वडिलांनी त्याला दुसऱ्यांदा श्पेट्सले, म्हणजे इथल्या शेवया, वाढले तेवढ्यावर त्याने समाधान मानावं, असं मी त्याला बजावून ठेवलं होतं.

जूनमध्ये शार्लोटनप्लात्सच्या फलाटावर गाडीची वाट बघताना तिने ते वाक्य उच्चारलं. न गाजावाजा, न फुलं. गाडीला चार मिनिटं होती. आणि आमच्या या शहाण्याने उत्तर दिलं, "डांके." म्हणजे धन्यवाद.

त्यात चूक माझी. वाक्य कधी म्हणू नये हे मी त्याला नऊ महिने शिकवलं, ते ऐकल्यावर काय म्हणायचं हे सांगायलाच विसरले. उत्तर तीन शब्दांचं आहे: "इश डिश आउख", मीही तुला. नुसतं "इश आउख" म्हणू नका. त्यातला 'तुला' गळतो, आणि इथे लोक लगेच चिडवतात की याचंही स्वतःवरच प्रेम आहे. त्याने ते मला फोन करून विचारून घेतलं, आणि चार मिनिटं संपायच्या आत म्हणाला.