गूळपोळ्या कुरिअरने परगावी पाठवताना

संक्रांतीला लेकीला किंवा गिऱ्हाइकाला पोळ्या पाठवायच्या असतील तर गूळपोळी निवडा, पुरणपोळी नको. पुरणात शिजलेल्या डाळीचं पाणी असतं, त्यामुळे ती बाहेर जेमतेम एक-दोन दिवस टिकते. गूळपोळीच्या सारणात गूळ, तीळ आणि भाजलेलं बेसन असतं, पाण्याचा अंश फार कमी. म्हणून ती प्रवास सोसते.

टिकण्याचे दिवस अंदाजाने लिहू नका. ज्या पिशवीत पोळ्या पाठवणार त्याच पिशवीत दोन पोळ्या बंद करून कपाटात ठेवा. पाचव्या दिवसापासून रोज एक कोपरा मोडून वास घ्या. तूप खवट लागलं, गुळाला पाणी सुटलं किंवा पांढरी जाळी दिसली, की तिथे मुदत संपली. समजा बाराव्या दिवशी बिघाड दिसला, तर चिठ्ठीवर आठच दिवस लिहा, कारण गाडीत आणि गोदामात उष्णता आपल्या कपाटापेक्षा जास्त लागते.

सगळ्यात जास्त चूक गार करण्यात होते. मी एकदा घाईत कोमट पोळ्या पिशवीत भरल्या होत्या. आत वाफेचे थेंब जमले आणि चौथ्या दिवशी पोळ्यांना बुरशी आली. तव्यावरची पोळी सुती कपड्यावर सुटी पसरा. हाताच्या पाठीला अजिबात ऊब लागली नाही तरच एकावर एक रचा.

दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर घाला. दहांची चळत करून तिच्या खाली-वर पोळीएवढे पुठ्ठ्याचे गोल ठेवा, मग जाड पिशवीत घालून तोंड सीलरने बंद करा. चळत खोक्यात ठेवल्यावर चारही बाजूंना कागदाचे बोळे दाबून भरा. खोकं कानाजवळ हलवून पाहा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर आणखी बोळे हवेत, नाहीतर कडा मोडून चुरा पोचेल.

चिठ्ठी पिशवीवरच लावा, खोकं फेकलं जातं. तीवर पदार्थाचं नाव, वजन, घटक, केल्याची तारीख, "या तारखेपर्यंत खावे" आणि "कोरड्या जागी ठेवा" एवढं हवंच. दाण्याचं कूट घातलं असेल तर ते ठळक लिहा, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते. विकत असाल तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी लागते, तिचा 14 अंकी क्रमांकही छापा.

आता दिवस मोजू. समजा संक्रांत बुधवारी, 14 तारखेला आहे आणि पुण्याहून बंगळुरूला कुरिअर दोन-तीन दिवस सांगतं. सोमवारी दिलं तर एक दिवसाचा उशीर झाला तरी सण हुकतो. शुक्रवारी दिलं तर रविवार गोदामात जातो, तरी मंगळवारपर्यंत पोचायला वाव राहतो. म्हणून गुरुवारी, 8 तारखेला पोळ्या करा आणि शुक्रवारी सकाळी द्या. चिठ्ठीवर 16 तारीख येते, म्हणजे सणानंतरही दोन दिवस हातात राहतात.