चुलीचा धूर तोंडातून बाहेर यायचा, तो असा थांबवला

गावच्या घरी चूल पेटवली की खिडकीतून येणाऱ्या उन्हात धुराचा नुसता पडदा दिसायचा, लाकडं सुकी होती, राखही काढलेली, तरी तेच. मग पितळी पातेलं जरा उचलून धरलं तर जाळ लगेच भडकला, म्हणजे वर हवेला वाटच नव्हती! चुलीवरचे मातीचे तीन उंचवटे झिजून पातेलं काठावर सपाट बसत होतं. चिकणमातीत भाताचा तूस नि थोडं शेण मळून, जुनी माती ओली करून उंचवटे बोटभर वाढवले, सावलीत पूर्ण सुकू दिले (घाई केली की तडे जातात), मग आधी बारीक काटक्यांचाच जाळ केला. आता थोडासाच धूर येतो, तोही पेटवताना.