या चुका टाळा: बक्षीसपत्राचं शेवटचं पान

दस्ताची पहिली पानं सगळे नीट वाचतात, सर्व्हे नंबर, चतुःसीमा, क्षेत्रफळ दोनदा बघतात, आणि शेवटच्या पानाला आले की फक्त "सही कुठे करायची?" एवढंच विचारतात. पुण्यात इतकी वर्षं दस्त तपासतोय, सगळ्यात महागात पडलेल्या चुका मला त्याच पानावर सापडल्यात.

पहिली चूक म्हणजे ओळखदार आणि साक्षीदार एकच समजणं. यावर मी जरा जास्त बोलणार कारण हे डोळ्यांनी बघितलंय. एका आईने कोथरूडचा फ्लॅट मुलीला बक्षीस दिला, दस्त दुसरीकडे केलेला. मुलगी सोसायटीत नाव लावायचं म्हणून कागद घेऊन आमच्याकडे आली. शेवटचं पान उघडलं तर दोन साक्षीदारांची नावं, वय, पत्ता सगळं टाईप केलेलं, पहिल्याची सही आहे आणि दुसऱ्याच्या नावापुढची जागा कोरी. दुसरी साक्षीदार म्हणजे मामी, त्या दिवशी पोचू शकल्या नाहीत. मुलगी म्हणाली, "अहो पण ऑफिसात दोघांनी सह्या केल्या की, फोटोपण काढले." ते ओळखदार होते. ही बाई तीच आहे, मी तिला ओळखतो, एवढं ते दुय्यम निबंधकांपुढे सांगतात आणि त्यांच्या सह्या नोंदणीच्या पानांवर जातात. साक्षीदाराचं काम वेगळं. लिहून देणाऱ्याने सही केलेली त्याने स्वतः बघितलेली असते, किंवा "ही सही माझीच" असं लिहून देणाऱ्याने त्याला स्वतः सांगितलेलं असतं, आणि मग तो लिहून देणाऱ्याच्या समोर सही करतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे स्थावर मिळकतीच्या बक्षीसपत्राला असे किमान दोन लागतात. खरेदीखताला कायद्याने तशी सक्ती नाही, म्हणून खरेदीखतांचीच सवय झालेले लोक इथे हमखास चुकतात.

मुलीने विचारलं, मामींची सही आता घेऊन टाकू का? अजिबात नाही. ऑफिसातल्या स्कॅनमध्ये ती जागा कोरी आहे, तुमच्या हातातल्या कागदावर सही आली की एकाच दस्ताची दोन रूपं झाली. चूक दुरुस्ती पत्रानेही भागत नाही, कारण ही टायपिंगची चूक नाही, जे करायला हवं होतं ते झालंच नाही. सुदैवाने आई ठणठणीत होत्या, म्हणून नवीन बक्षीसपत्र करून पुन्हा नोंदवलं, खर्च परत झाला. आई गेल्या असत्या तर तो दस्त टिकवणं फार अवघड होतं आणि फ्लॅटवर भावानेही हक्क सांगितला असता.

दुसरी चूक, जुन्या फाईलवर नवीन दस्त करणं. उद्याचा स्लॉट घेतलाय म्हणून रात्री फाइंड-रिप्लेस मारायचं हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. जुन्या पक्षकाराचं आडनाव बदलताना त्याच आडनावाच्या साक्षीदाराचंही बदलून जातं, किंवा वर "बक्षीसपत्र" आणि खाली "येणेप्रमाणे खरेदीखत राजीखुशीने लिहून दिले असे" तसंच राहतं. तारखेचंही तेच. पहिल्या पानावर एक आणि शेवटी दुसरी असली की दस्त नक्की कधी झाला हाच प्रश्न येतो, आणि सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला हजर करायचा असतो. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या फाईलमध्ये रफार आणि जोडाक्षरं उडतात, तिथे नावं एकेक अक्षर बघा.

माझी सवय सांगतो, मी प्रिंट काढून शेवटच्या पानापासून उलटा वाचतो. आधी सह्यांची जागा, मग साक्षीदार, मग समारोपाचा मजकूर, आणि प्रत्येक नाव आधार-पॅन समोर ठेवून पेन्सिलने टिक करतो. स्क्रीनवर वाचून मी कधीच समाधानी होत नाही. नवीन मुलं म्हणतात वेळ जातो. पंधरा मिनिटं जातात.

साक्षीदाराचा पत्ता "रा. पुणे" एवढाच नको, घर नंबर, पेठ, पिनकोड हवा, कारण उद्या कोणी सही नाकारली तर त्याला शोधून कोर्टात उभं करायचंय. म्हणूनच दोघांपैकी एक तरी वयाने तरुण घ्या. ज्याला बक्षीस मिळतंय त्यालाच साक्षीदार करू नका, त्याची सही "स्वीकारले" म्हणून वेगळी घ्या. अंगठा असेल तर "निशाणी डावा अंगठा" आणि खाली नाव लिहा, मजकूर वाचून समजावून सांगितला हेही लिहा. कुलमुखत्यार सही करत असेल तर कोणाकरिता ते सहीखाली आलंच पाहिजे. खाडाखोड झालीच तर लिहून देणाऱ्याची छोटी सही तिथेच, नोंदणीच्या आधी.

आणि सह्यांचा भाग एकटा नवीन पानावर जाऊ देऊ नका. वर मजकुराच्या चार ओळी तरी याव्यात, नाहीतर ते पान कुठल्या दस्ताचं हे पानावरून कळत नाही. मी त्यासाठी समासही कमी-जास्त करतो, आणि मग पानांचे नंबर परत मोजतो.