प्रश्न विचारण्याची शिडी: माझ्या पायऱ्या कुठे चुकल्या

नोकरीला लागून तीन महिने झाले, तरी आठवड्याच्या बैठकीत मी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. आम्ही १४ जण असायचो. "कुणाला काही शंका?" असं विचारलं की मी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत असल्याचं सोंग करायचे. मग एकदा एका अहवालात कोणत्या तारखेपर्यंतची माहिती धरायची हे मला नीट कळलं नाही. विचारायची लाज वाटली म्हणून मी अंदाजाने एक तारीख धरली आणि नऊ दिवस त्यावर काम केलं. तारीख चुकीची निघाली. विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळालं असतं.

त्यानंतर मी शिडी तयार करायला घेतली. भीतीचं काम छोट्या, चढत्या पायऱ्यांत तोडायचं आणि खालून वर जायचं, एवढंच. ही पद्धत बरीच जुनी आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती अशीच कमी केली होती. ससा आधी पिंजऱ्यात आणि लांब, मग थोडा जवळ, मग पिंजऱ्याबाहेर, आणि हे सगळं मुलगा आवडीचा खाऊ खात असताना. पुढे जोसेफ वोल्पी या मनोविकारतज्ज्ञाने भीती मोजायला ० ते १०० असे आकडे वापरायची सवय लावली. ० म्हणजे अगदी निवांत, १०० म्हणजे आजवर वाटलेली सगळ्यात मोठी भीती. आकडा आपला आपण द्यायचा. दुसऱ्याच्या आकड्याशी त्याची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

माझी पहिली शिडी चार पायऱ्यांची होती: ओळख नसलेल्या सहकाऱ्याला नमस्कार करणे (१०), जेवायला सगळ्यांबरोबर बसणे (२५), बैठकीत प्रश्न विचारणे (७५), सादरीकरण करणे (९५). कागदावर छान दिसत होती. पहिल्या दोन पायऱ्या आठवड्यात झाल्या आणि तिसरीपाशी मी महिनाभर तशीच उभी. दर बैठकीआधी ठरवायचं, बैठकीत घसा कोरडा पडायचा, बाहेर पडताना स्वतःला शिव्या द्यायच्या.

दोष हिमतीचा नव्हता, बांधणीचा होता. २५ आणि ७५ च्या मध्ये पाय ठेवायला काही नव्हतंच. शिवाय ही एका भीतीची शिडी नव्हती. नमस्कार, जेवण आणि प्रश्न या तीन वेगवेगळ्या भीती मी एकावर एक रचल्या होत्या. सगळ्यांबरोबर जेवायला बसल्याने "माझा प्रश्न बाळबोध ठरेल" ही भीती कमी का व्हावी? नवख्या माणसाची शिडी बहुधा इथेच मोडते, असं मी नंतर दोघातिघांच्या वह्या पाहून म्हणते.

दुसऱ्या वेळी मी एकच भीती घेतली: समोर लोक असताना मला हे माहीत नाही असं दिसू देणे. मग ती कशाने वाढते आणि कशाने कमी होते ते शोधलं. माझ्या बाबतीत चार गोष्टी निघाल्या. किती जण ऐकताहेत, त्यात वरिष्ठ आहेत का, प्रश्न आधी ठरवलेला आहे की ऐनवेळचा, आणि तो साधी माहिती मागणारा आहे की कुणाच्या म्हणण्यावर शंका घेणारा. एका वेळी यातली एकच गोष्ट बदलली की पायरी आपोआप छोटी होते.

मग असं जमलं. शेजारच्या सहकाऱ्याला त्याच्या जागेवर जाऊन प्रश्न विचारणे, १५. तोच प्रकार वरिष्ठ बाईंशी, दोघीच असताना, ३०. चार जणांच्या छोट्या बैठकीत, ४०. मोठ्या बैठकीत "दुसरा मुद्दा पुन्हा एकदा सांगाल का?" एवढंच म्हणणे, ५०. मोठ्या बैठकीत आधी ठरवलेला स्वतःचा प्रश्न, ६०. ऐनवेळी सुचलेला प्रश्न, ७०. आणि सगळ्यात वर, "हा आकडा मला बरोबर वाटत नाही, कुठून आला?" असं विचारणे, ८५. ५० ची पायरी मला फार उपयोगी पडली. त्यात वाक्य कसं जुळवायचं ही चिंता नसते, फक्त आवाज बाहेर काढायचा असतो.

पायरी लिहिताना एक पथ्य पाळा: ती तुमच्या हातातली हवी. "प्रश्न विचारून सगळ्यांना पटवणे" ही पायरी होऊ शकत नाही, कारण पटणं न पटणं त्यांच्या हातात आहे. "प्रश्न पूर्ण विचारला आणि उत्तर संपेपर्यंत समोर बघितलं" हे झालं की नाही ते तुम्हाला लगेच कळतं.

प्रत्येक वेळेआधी मी वहीत दोन गोष्टी लिहायचे: भीतीचा आकडा आणि नेमकं काय वाईट घडेल. "वाईट होईल" असं मोघम लिहून चालत नाही, कारण ते खरं की खोटं हे नंतर तपासता येत नाही. माझं पहिलं वाक्य होतं, "निम्मे लोक वळून बघतील आणि कुणीतरी म्हणेल, हे तर मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं." मग प्रश्न विचारून झाल्यावर मी खरंच मोजलं. दोघांनी बघितलं. एक जण फोनमध्ये होता आणि बाकीचे उत्तर देणाऱ्याकडे बघत होते. २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे आठवतो. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. आपल्या शर्टावर कोण आहे हे साधारण निम्म्या जणांच्या लक्षात येईल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं. तरी हे वाचून भीती जाते असं मुळीच नाही. माझी दोन माणसं मी स्वतः मोजली तेव्हाच मला ते पटलं.

आता सगळ्यात मोठी चूक. ६० च्या पायरीवर मी सहा वेळा प्रश्न विचारला आणि आकडा ५५ च्या खाली उतरेना. पायरी तर होत होती, मग भीती तिथेच का? वही चाळल्यावर दिसलं की सहाही वेळा मी प्रश्न कागदावरून वाचला होता, घाईघाईने, आणि सुरुवात "कदाचित हा मूर्खासारखा प्रश्न असेल, पण..." अशी केली होती. या आधाराच्या काठ्यांना मानसशास्त्रात सुरक्षा-वर्तन म्हणतात. त्यांची गंमत अशी की सगळं नीट पार पडलं तरी श्रेय काठीला जातं. "बरं झालं आधीच माफी मागितली, नाहीतर हसले असते" असंच मन म्हणतं. मूळ अंदाजाची परीक्षा होतच नाही. कोपऱ्यातली खुर्ची धरणं, ऑनलाइन बैठकीत कॅमेरा बंद ठेवणं, प्रश्न मनात दहादा घोकणं, बोलून झाल्याबरोबर पाणी प्यायला उठणं, हे सगळं त्याच जातीचं.

म्हणून मी वर न चढता त्याच पायरीवर थांबले आणि एकेक काठी सोडली. आधी ती माफी. पहिल्यांदा माफीशिवाय विचारायचं होतं त्या दिवशी आकडा ५५ वरून उलट ७० झाला. हे चांगलं चिन्ह होतं, म्हणजे काठी खरोखर वजन पेलत होती. दुसऱ्यांदा ६०, तिसऱ्यांदा ४५, चौथ्यांदा ३०. मग कागद सोडला. आकडा पुन्हा ५० वर गेला आणि तीन वेळांत उतरला. आकडा अडकून बसला असेल तर पुढची पायरी शोधण्याआधी हातात कोणती काठी आहे ते बघा.

आठवड्यातून एकच बैठक म्हणजे सराव फारच विरळ होतो, मधल्या सात दिवसांत भीती पुन्हा फुगते. त्यामुळे मी त्याच उंचीच्या इतर संधी धरल्या: दुसऱ्या विभागाची बैठक, प्रशिक्षणाचा वर्ग, चार जणांचा फोन. आठवड्यात तीनदा जमलं की फरक कळायचा. आणि एक नियम, भीती शिगेला असताना खोलीतून बाहेर पडायचं नाही. तेव्हा बाहेर पडलं की जो सुटकेचा श्वास मिळतो तोच पळण्याची सवय पक्की करतो. पायरी अवघड वाटली तर तिथल्या तिथे ती छोटी करावी, पण खुर्ची सोडू नये.

एकदा माझं भाकीत तंतोतंत खरं ठरलं. एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, हे मागच्या आठवड्यात झालंय की." माझे कान लाल झाले. वहीत त्या भाकिताखाली दुसरं भाकीत होतं: "असं झालं तर दिवसभर मला कुणाशी बोलता येणार नाही." मी घड्याळ बघितलं. ४० मिनिटांनी मी त्याच सहकाऱ्यांशी एका फाइलबद्दल बोलत होते. माझ्या सगळ्या नोंदींत मला ही सर्वांत मोलाची वाटते. चांगल्या झालेल्या दहा प्रश्नांनी जे शिकवलं नाही ते या एकाने शिकवलं, की ते घडलं तरी निभावतं.

दोन जागी मात्र ही शिडी लावू नका. जिथे प्रश्न विचारणाऱ्याचा खरोखर पाणउतारा होतो, तिथे तुमचा अंदाज बरोबरच आहे. वारंवार तिथे जाऊन भीती मोडत नाही, पक्की होते. हे ओळखायला सोपं आहे: इतर लोक, अगदी जुनेजाणतेही, त्या खोलीत प्रश्न विचारतात का ते बघा. दुसरी जागा म्हणजे भीतीमुळे कामावर किंवा वर्गात जाणंच बंद होत असेल, धाप लागून छाती भरून येत असेल, किंवा झोप आणि भूक गेली असेल. अशा वेळी वहीवर विसंबू नये, मानसोपचारतज्ज्ञांबरोबर शिडी बांधावी. पायऱ्या त्याच असतात, पण उंची ठरवायला जाणती नजर लागते.

८५ ची पायरी मी आतापर्यंत चार वेळा केली आहे, आणि आकडा ६५ वर आहे. मध्ये तीन आठवड्यांची रजा झाली, परतल्यावर ऐनवेळच्या प्रश्नाचा आकडा ३० वरून थेट ५० झाला होता. मी दोन पायऱ्या खाली उतरले. "दुसरा मुद्दा पुन्हा सांगाल का?" पासून सुरुवात केली आणि चौथ्या दिवशी पुन्हा वर आले. येत्या बैठकीसाठी वहीत लिहिलंय: आकडा ६०, भाकीत, "साहेब चिडतील आणि म्हणतील, आधी नीट वाचून या." काठी एकच उरली आहे, बोलताना पेन फिरवणं. ते या वेळी पिशवीत ठेवणार आहे.