ब्रँडी नाकात झोंबते? बाटलीला दोष देण्याआधी या चुका टाळा

चांगली ब्रँडी आणली, ऐटीत स्निफ्टरमध्ये ओतली, वास घ्यायला वाकलो आणि नाकातोंडात झणका बसला. ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की आता पहिला प्रश्न ठरलेला असतो: ग्लास कसा धरला होता?

स्निफ्टरचं पोट मोठं, दांडा आखूड आणि तोंड आत वळलेलं. तळहातात धरून ब्रँडी ऊबदार करायची ही रीत गार हवेतल्या घरांची. मे महिन्यात मुंबईत खोलीच ३० अंशांवर असते. त्यात हाताची ऊब मिळाली की अल्कोहोल भराभर उडतं आणि त्याची वाफ अरुंद तोंडाखाली कोंडते. फळांचा, लाकडाचा वास तिच्यामागे दबतो. म्हणून ३० मिली ओता, दांड्याला धरा, दहा मिनिटं थांबा आणि नाक आत न खुपसता काठाच्या किंचित वर ठेवा. तरीही झोंबलं तर चमचाभर पाणी घाला. व्हिस्की असो वा ब्रँडी, मी तर लहान पोटाचा, वर निमुळता होत जाणारा ट्यूलिपच निवडतो. त्यात वास एकवटतो आणि ऊब द्यायचा मोहही होत नाही.

आकाराने खरंच फरक पडतो का? टोकियोतल्या संशोधकांनी २०१५मध्ये ग्लासवरची अल्कोहोलची वाफ कॅमेऱ्याने टिपली. १३ अंशांच्या वाइनवर, वाइन ग्लासमध्ये, ही वाफ काठाभोवती कड्यासारखी जमली आणि मधोमध ती कमी होती. म्हणजे नाक मध्ये ठेवलं तर अल्कोहोल कमी आणि वाइनचा वास जास्त. सरळ ग्लासात आणि मार्टिनी ग्लासात असं कडं दिसलं नाही.

पण वाइन ग्लास गळ्यापर्यंत भरला तर हा फायदा बुडाला. ४५० मिलीच्या ग्लासात १२० ते १५० मिली पुरे, साधारण पोट सर्वांत रुंद असतं तिथपर्यंत. वरची मोकळी जागा वासासाठीच असते आणि तिच्यामुळेच ग्लास न सांडता फिरवता येतो.

कूप म्हणजे दांड्यावरची पसरट वाटी. नाशिकची स्पार्कलिंग वाइन त्यात ओतलीत, तर उघडा पृष्ठभाग मोठा असल्याने वायू आणि वास दोन्ही लवकर निघून जातात. फोटो मात्र झकास येतो! बर्फावर हलवून गाळलेल्या डाकिरीला कूप छान. लिंबाचा ताजा वास पहिल्या घोटालाच हवा असतो आणि पेयही गार असतानाच संपतं.

सगळं नीट करूनही वास कुबट येत असेल, तर रिकामा ग्लास हुंगून बघा. पावसाळ्यात कपाटात उपडे ठेवलेले ग्लास फळीचा दमट वास धरून ठेवतात. गरम पाण्याने विसळा, स्वच्छ फडक्याने पुसा आणि मग ओता.